34 मेल आणि वीस मिनिटांचा हिशेब

त्या श्रवणतज्ज्ञ आहेत. ऐकू कमी येणाऱ्यांच्या चाचण्या घ्यायच्या, श्रवणयंत्रं जुळवून द्यायची, ज्यांच्या कानात सतत शिटीसारखा आवाज येत राहतो त्यांना त्या आवाजासोबत जगायला मदत करायची, हे काम त्या 14 वर्षं करताहेत. मला भेटल्या तेव्हा तीन महिन्यांत 34 पॉडकास्टना त्यांनी मेल पाठवले होते. उत्तर एकच आलं होतं, आणि ते म्हणजे पाहुणे म्हणून यायचं असेल तर किती पैसे भरावे लागतील याचं दरपत्रक. त्यांनी मला विचारलं, “माझ्यात काय कमी आहे ते एकदा स्पष्ट सांगा.”

मी बरीच वर्षं मुलाखतींच्या एका कार्यक्रमाचा निर्माता होतो. आलेले मेल उघडायचे, वाचायचे आणि बहुतेक बंद करायचे, हे काम माझ्याकडेच होतं. म्हणून त्यांना म्हटलं, आधी तो मेल दाखवा. तो असा होता:

“विषय: आपल्या पॉडकास्टसाठी पाहुणे. नमस्कार, मी श्रवणतज्ज्ञ असून मला या क्षेत्रातील 14 वर्षांचा अनुभव आहे. हेडफोनच्या वाढत्या वापरामुळे तरुणांमध्ये श्रवणदोष वाढत असून कानांचं आरोग्य हा आज अत्यंत महत्त्वाचा विषय झाला आहे. या विषयावर आपल्या श्रोत्यांशी संवाद साधायला मला आवडेल. सोबत माझा परिचय, प्रमाणपत्रं आणि छायाचित्र जोडत आहे. आपल्या सोयीची वेळ कळवावी.”

यात खोटं काही नाही, उद्धट काही नाही. पण मेल वाचणाऱ्या माणसाच्या जागी बसून पाहा. त्याला पुढच्या आठवड्याचा भाग भरायचा आहे. त्याच्या डोक्यात तीन प्रश्न असतात: या भागाचं शीर्षक काय असेल, मी पहिला प्रश्न काय विचारू, आणि माझा श्रोता दहाव्या मिनिटाला का थांबेल? या मेलमध्ये तिन्हींची उत्तरं नाहीत. “कानांचं आरोग्य” हे अख्खं क्षेत्र झालं. त्यातून एक भाग कोरून काढण्याचं काम बाईंनी निर्मात्यावर सोडलं होतं, आणि ज्याच्याकडे असे वीस मेल येतात तो ते करत नाही. शिवाय हा मजकूर जसाच्या तसा स्वयंपाकाच्या, धावण्याच्या किंवा गुंतवणुकीच्या कार्यक्रमालाही पाठवता आला असता. वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं.

मग आम्ही ती 34 नावांची यादी काढून बसलो. सगळ्यात जास्त ऐकल्या जाणाऱ्या कार्यक्रमांच्या यादीतून ती वरून खाली उतरवलेली होती. एकेक कार्यक्रम उघडून पाहिला तेव्हा 11 ठिकाणी पाहुणे बोलावतच नव्हते, दोन मित्र आपापसांत बोलत होते. आणखी 6 कार्यक्रमांचा शेवटचा भाग येऊन वर्ष उलटलं होतं. म्हणजे अर्धे मेल अशा दारांवर गेले होते जिथून होकार येणं शक्यच नव्हतं. यात बाईंच्या पात्रतेचा काही संबंध नव्हता, आणि हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरलेला मी पाहिला. पैसे मागणाऱ्यांबद्दल माझं मत ठाम आहे: ती जाहिरात आहे. घ्यायची असेल तर जाहिरात म्हणून घ्यावी, आणि श्रोत्यांना तसं सांगितलं जाणार असेल तरच.

यादी फेकून दिली आणि मी त्यांना विचारलं, “तुमचा सल्ला ऐकून रागावतात अशी माणसं कोण?”

त्या लगेच म्हणाल्या, “वादक, आणि कार्यक्रमांचं साउंड सांभाळणारे. कानात बूच घाला म्हटलं की चिडतात. म्हणतात, मग आम्ही काम कसं करायचं?”

मला हवं होतं ते सापडलं. जिथे तज्ज्ञाचा सल्ला आणि ऐकणाऱ्याचं पोट एकमेकांच्या आड येतात, तिथे तासभराच्या गप्पा असतात. तरुणांनी हेडफोन कमी वापरावेत यावर कुणाचं दुमत नाही, म्हणून त्यावर बोलायलाही फारसं काही नाही.

लाइव्ह कार्यक्रमांचं साउंड मिक्सिंग करणाऱ्यांसाठी चालणारा एक पॉडकास्ट मिळाला. मोठा नव्हता. पण त्याचा जवळजवळ प्रत्येक श्रोता असा होता की ज्याचे कान हेच त्याचं अवजार. बाईंनी तीन भाग पूर्ण ऐकायचे असं ठरलं: एक ताजा आणि दोन पाहुणे असलेले. ऐकताना टिपायचं काय, तर पाहुणा साधारण किती वेळ सलग बोलतो, होस्ट कुठे अडवतो आणि कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. हा होस्ट प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत होता: “पण हे स्टेजजवळ उभं असताना कळतं कसं?” त्याला पुस्तकी उत्तर चालत नव्हतं.

तिसऱ्या भागात ते वाक्य आलं. होस्ट सहज बोलून गेला की मी बूच घालून मिक्स करूच शकत नाही, वरचे सूर सगळे गायब होतात.

बाईंचा फोन आला, “किती चुकीचं बोलतोय हा!” मी म्हटलं, तो चुकीचं बोलतोय का, ते तुम्हीच नीट आठवा. क्षणभर गप्प राहून त्या म्हणाल्या, “नाही. फोमच्या बुचाबद्दल तो बरोबर आहे.”

आणि मग त्यांनी मला जे समजावलं त्यातच पुढचा सगळा प्रस्ताव होता. फोमचं साधं बूच उच्च कंप्रतेचे आवाज जास्त अडवतं आणि खालचे कमी. म्हणून झांजेची किणकिण, शब्दांतले स, श, त हे सगळं बोथट होतं आणि खर्ज तेवढा उरतो. संगीतकारांसाठी वेगळे प्लग मिळतात. त्यांतली गाळणी सगळ्या कंप्रता जवळपास सारख्याच खाली आणते, उदाहरणार्थ 15 डेसिबलने. सूर तेच राहतात, फक्त आवाज लांब गेल्यासारखा वाटतो. आता हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित ऐकण्याच्या मर्यादेनुसार मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावा. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ अर्धा होतो. 100 डेसिबलला ही मर्यादा आठवड्याला वीस मिनिटांवर येते. आणि 100 मधून 15 गेले की उरतात 85, ज्याची मर्यादा आहे आठवड्याला साडेबारा तास.

वीस मिनिटांचे साडेबारा तास. ज्याचं पोट या कामावर आहे त्याच्यासाठी हा आकडा म्हणजे काम चालू ठेवायची परवानगी आहे. प्लग नीट बसला नाही तर 15 डेसिबल मिळत नाहीत, ही अट बाईंनी लगेच जोडली. ती अटही मेलमध्ये जायला हवी असं मी म्हटलं, कारण स्वतःच्या दाव्याची हद्द सांगणारा पाहुणा होस्टला विश्वासाचा वाटतो.

पत्ता शोधणं सोपं होतं. कार्यक्रमाच्या RSS फीडमध्ये, म्हणजे पॉडकास्टची ॲप ज्या फाइलमधून नवे भाग उचलतात तिच्यात, `itunes:owner` या भागात अनेकदा मालकाचा मेल असतो. हल्ली काही सेवा तो लपवतात, मग कार्यक्रमाच्या वर्णनात पाहावं. बाईंचे आधीचे बरेच मेल पॉडकास्ट साठवणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारपेटीत गेले होते.

नवा मेल आम्ही चार वेळा लिहिला. शेवटी गेला तो असा:

“विषय: बूच घातल्यावर वरचे सूर का जातात, आणि न घालवता काय करता येतं

नमस्कार. मॉनिटर मिक्सवरच्या भागात तुम्ही म्हणालात की बूच घालून मिक्स करताच येत नाही. फोमच्या बुचाबद्दल ते खरं आहे, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक साउंड इंजिनिअर याच कारणाने ते फेकून देतात. मी श्रवणतज्ज्ञ आहे आणि 14 वर्षांत अशा अनेकांचे कान तपासले आहेत.

एका भागात आपण हे बोलू शकतो: सगळ्या कंप्रता सारख्या कमी करणारे प्लग मिक्सिंगला खरंच चालतात का, आणि कुठे चालत नाहीत. 100 डेसिबलला आठवड्याची वीस मिनिटांची मर्यादा 15 डेसिबल कमी झाल्यावर साडेबारा तासांची कशी होते, आणि प्लग सैल बसला तर हा हिशेब कसा कोसळतो. कार्यक्रमानंतर कान दडे बसल्यासारखे होऊन सकाळी मोकळे होतात, तेव्हा आत नेमकं काय झालेलं असतं. या शेवटच्या प्रश्नावर उंदरांवरचे निष्कर्ष ठाम आहेत, माणसांबाबत वाद आहे. दोन्ही बाजू मी सांगेन.

माझ्याकडे कोणतंही उत्पादन विकायला नाही. मी बोलतानाची दोन मिनिटांची ध्वनिफीत या दुव्यावर आहे. पुढच्या तीन आठवड्यांत मंगळवार आणि गुरुवार दुपारी मी मोकळी आहे.”

यातल्या काही गोष्टींवर आमचं बरंच बोलणं झालं. पहिलं म्हणजे “ते खरं आहे” हे शब्द. बाईंच्या पहिल्या मसुद्यात “आपल्या कार्यक्रमातून चुकीची माहिती गेली” असं होतं. होस्टला चूक दाखवून आत शिरता येत नाही. त्याच्या म्हणण्यातला खरा भाग मान्य करून पुढची पायरी दाखवली, तर त्याला स्वतःचंच वाक्य पुढे न्यायची संधी मिळते. दुसरं, परिचय एका वाक्यावर आणला आणि प्रमाणपत्रं काढून टाकली. अनोळखी माणसाची जोडपत्रं कुणी उघडत नाही, आणि त्यांनी मेल जड होतो. तिसरं, ध्वनिफीत. पदव्या पाहून माणूस बोलू शकतो का हे कळत नाही, दोन मिनिटं ऐकली की कळतं. ती फोनवरच केली होती, एका प्रश्नाचं न थांबता दिलेलं उत्तर.

उंदरांचा उल्लेख काढून टाकावा असं बाईंना वाटत होतं. ते 2009चं संशोधन आहे. त्यात ऐकण्याची पातळी पूर्ववत झालेल्या उंदरांमध्येही कानातल्या पेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे सांधे कायमचे गेलेले दिसले. “माणसांत सिद्ध नाही म्हटल्यावर माझं वजन कमी नाही का होणार?” असं त्यांनी विचारलं. मला उलट वाटत होतं. ज्याचं उत्तर अजून पक्कं नाही असा प्रश्न तज्ज्ञाने स्वतःहून पुढे ठेवला की होस्टला कळतं, हा माणूस घाबरवायला येत नाहीये.

आठ दिवस काही आलं नाही. नवव्या दिवशी एक स्मरणपत्र पाठवलं. “माझा मेल पाहिलात का” असं विचारणारं स्मरणपत्र वाचणाऱ्याला फक्त अपराधी करतं. बाईंनी त्याऐवजी एक नवी गोष्ट दिली: प्लग नीट बसलाय की नाही हे स्टेजजवळ उभं राहून, कोणत्याही यंत्राशिवाय कसं ओळखायचं. स्वतःचं बोलणं डोक्यात घुमल्यासारखं वाटलं आणि बाहेरचा आवाज दोन्ही कानांत सारखाच उतरला, तर बहुधा बसलाय. दोनच ओळी. होस्टचा नेहमीचा प्रश्न “हे कळतं कसं?” हाच होता. उत्तर त्याच संध्याकाळी आलं, “मॅडम, आधी पंधरा मिनिटं फोनवर बोलूया.”

हा फोन म्हणजे औपचारिकता असते असा एक गैरसमज आहे. तीच खरी निवड असते, आणि तिथे बाईंचं जवळजवळ फिसकटलं. पहिल्या प्रश्नावर त्या कानाच्या रचनेपासून सुरू झाल्या आणि सहा मिनिटं बोलत राहिल्या. होस्ट मध्ये दोनदा “हं” म्हणाला आणि मग गप्प झाला. सुदैवाने त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी थांबून विचारलं, “तुमच्या स्वतःच्या कानांचं कसं आहे?” तो आपल्या डाव्या कानातल्या शिटीबद्दल बोलू लागला, आणि भाग तिथे ठरला.

मुलाखतीआधी आम्ही एकच सराव केला. प्रत्येक उत्तराची सुरुवात निष्कर्षाने करायची, कारण नंतर सांगायचं, आणि दीड मिनिटाच्या आसपास थांबायचं. पुढचं होस्टला हवं असेल तर तो विचारतो.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने काढायला लावली. बाई एका ढोलकवादकाचा किस्सा सांगणार होत्या, आणि त्यात त्याचं वय, तो कोणत्या चमूत वाजवतो आणि कान कधी गेला हे सगळं होतं. नाव नव्हतं. पण त्या पॉडकास्टचे श्रोते एकमेकांना ओळखतात, तो माणूस दोन मिनिटांत सापडला असता. रुग्णाची संमती नसेल तर नाव गाळणं पुरत नाही. त्यांनी त्याच्या जागी असे तीन-चार अनुभव एकत्र करून सांगितले, आणि ते एकत्र केलेले आहेत हेही सांगितलं. तसंच, एखाद्या प्रसिद्ध गायकाच्या बहिरेपणाबद्दल विचारलं तर “मी त्यांना तपासलेलं नाही” एवढंच म्हणायचं, हे आधीच ठरवून ठेवलं. तो प्रश्न आलाही.

रेकॉर्डिंग त्यांनी आपल्याच श्रवणचाचणीच्या खोलीत बसून केलं. दवाखान्यातली सगळ्यात शांत जागा हाताशी असताना त्या आधी टाइल्स लावलेल्या केबिनमध्ये बसणार होत्या, जिथे प्रत्येक शब्द घुमला असता.

पॉडकास्टनंतर त्यांना वाटलं, हाच मेल पत्रकारांना पाठवावा. इथे मी त्यांना थांबवलं. होस्टला तासभर पुरेल असा ताण हवा असतो. बातमी लिहिणाऱ्याला आज एक वाक्य हवं असतं, जे छापता येईल आणि तपासता येईल, आणि ते घडलेल्या कशाशी तरी जोडलेलं असायला हवं. आदल्या वर्षी त्यांनी जागतिक श्रवण दिनानिमित्त मेल पाठवला होता, 3 मार्चला सकाळी. त्या दिवसाचं पान त्याआधीच लागलेलं असतं. या वेळी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आरोग्य विषयावर लिहिणाऱ्या तीनच पत्रकारांना लिहिलं. प्रत्येकाचे अलीकडचे लेख वाचून, आणि सहा ओळींत. त्यांतल्या दोन ओळी अशा होत्या की त्या थेट अवतरणचिन्हांत टाकता आल्या असत्या. शेवटी फोन नंबर आणि “आज सहा वाजेपर्यंत कधीही” असं.

पत्रकार ज्या सेवांवर तज्ज्ञ शोधतात तिथेही त्यांनी नाव घातलं. या जागा बदलत राहतात. 2008मध्ये सुरू झालेली HARO नावाची सेवा पुढे Connectively झाली, डिसेंबर 2024मध्ये बंद पडली आणि 2025मध्ये नव्या मालकाकडे जुन्याच नावाने परत आली. पद्धत मात्र तीच राहते: मागणीला काही तासांत उत्तर द्यायचं, आणि उत्तरात “मी बोलू शकेन” असं न लिहिता उत्तरच लिहायचं.

तिघांपैकी एका पत्रकाराने फोन केला. दहा मिनिटं बोलणं झालं आणि तिसऱ्या दिवशी लेख आला. त्यात छापलं होतं की 85 डेसिबलचा आवाज रोज साडेबारा तास ऐकला तरी चालतो.

आठवड्याचा आकडा दिवसाचा झाला होता. बाई हादरल्या, कारण हे वाचून कुणाचे कान खरंच जाऊ शकत होते. त्या समाजमाध्यमांवर खुलासा लिहायला बसल्या होत्या. मी म्हटलं, आधी पत्रकाराला कळवा, आणि फक्त चार गोष्टी लिहा: कोणतं वाक्य, त्यात काय चुकलंय, काय हवं, आणि त्या आकड्याचा मूळ दुवा. चूक कुणाची यावर एक अक्षर नको. तासाभरात उत्तर आलं, ऑनलाइन लेख दुरुस्त झाला आणि खाली दुरुस्तीची नोंद लागली. छापील अंकात दुसऱ्या दिवशी छोटी चौकट आली.

नंतर त्या शांत झाल्यावर फोनवर काय बोलल्या ते मी त्यांना आठवायला सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, “85 डेसिबलला साडेबारा तास.” आठवड्याला हा शब्द त्यांनी उच्चारलाच नव्हता. त्यांच्या क्षेत्रात तो गृहीत असतो, ऐकणाऱ्याला तो माहीत नसतो. छापण्याआधी लेख दाखवा अशी विनंती पत्रकार बहुधा मान्य करत नाहीत, आणि ते त्यांच्या जागी योग्य आहे. पण “माझी वाक्यं आणि आकडे एकदा वाचून दाखवाल का” याला बहुतेक जण हो म्हणतात. आता त्या फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत एक मेल पाठवतात. त्यात बोलण्यात आलेला प्रत्येक आकडा, त्याचं एकक, त्याचा कालावधी आणि स्रोत असतो.

त्या पॉडकास्टच्या होस्टने नंतर आपले कान त्यांच्याकडेच तपासून घेतले. निकाल काय आला ते बाईंनी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.